ढग, तळे आणि दोन कोन

वाचकहो, शाळा सुटून कितीही वर्षे झाली असली तरी त्रिकोणमितीतले एक उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना अंधुकसे आठवत असेल. तळ्याच्या पृष्ठभागापासून ६० मीटर उंचीवर एक निरीक्षक उभा आहे. त्याला एका ढगाचा उन्नत कोन ३० अंश दिसतो आणि त्याच ढगाच्या तळ्यातल्या प्रतिबिंबाचा अवनत कोन ६० अंश दिसतो. तर ढगाची उंची किती? उत्तर १२० मीटर. आपण ते वहीत लिहिले, दोन रेघा मारल्या आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो. आता इथल्या शाळेत तुमची मुले किंवा नातवंडे तेच उदाहरण इंग्रजीतून सोडवतात आणि मध्येच विचारतात, “पण खऱ्या ढगाची उंची अशी काढता येते का?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर “हो” असे आहे, पण त्या “हो”ला काही अटी आहेत. त्या अटी समजल्या की हे उदाहरण पाठ करण्याची गरजच उरत नाही. म्हणून आज आपण एक खरे तळे घेऊ, खऱ्या ढगाइतका उंच ढग घेऊ आणि हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

आधी आकृती नीट काढू

चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. या उदाहरणात विद्यार्थी अडतो तो त्रिकोणमितीत नव्हे, आकृतीत. ढगाचे प्रतिबिंब कुठे काढायचे? बरीच मुले ते तळ्याच्या तळाशी काढतात. तळे चार मीटर खोल असेल तर प्रतिबिंबही चार मीटर खोल असणार, असे त्यांना वाटते. पाण्याचा पृष्ठभाग हा इथे आरसा आहे. आरशासमोर दोन मीटरवर उभे राहिलात तर तुमची प्रतिमा आरशाच्या मागे दोन मीटरवर दिसते. मागची भिंत किती जाड आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. तसेच ढग पाण्याच्या वर १००० मीटरवर असेल, तर त्याची प्रतिमा पाण्याच्या खाली १००० मीटरवर असते, मग तळे गुडघाभर खोल का असेना.

आता ढगाची पाण्यापासूनची उंची H माना आणि तुमच्या डोळ्याची पाण्यापासूनची उंची h माना. तुमच्या डोळ्यातून जाणारी आडवी रेषा काढा. ढग त्या रेषेच्या H − h इतका वर आहे. प्रतिबिंब त्याच रेषेच्या H + h इतके खाली आहे. दोन्ही एकाच उभ्या रेषेवर असल्यामुळे तुमच्यापासून त्यांचे आडवे अंतर एकच आहे. त्याला d म्हणू. उन्नत कोन α आणि अवनत कोन β असेल, तर दोन काटकोन त्रिकोणांवरून मिळते:

tan α = (H − h) / d
tan β = (H + h) / d

दुसऱ्याला पहिल्याने भागले की d निघून जातो. उरलेल्या गुणोत्तरावर आपली जुनी योग-वियोग क्रिया केली की सूत्र हाती येते:

H = h × (tan β + tan α) / (tan β − tan α)

हेच सूत्र थोडे आवरून असेही लिहितात:

H = h × sin(β + α) / sin(β − α)

दोन समीकरणांकडे पाहिले की एक गोष्ट लगेच दिसते. H + h हे H − h पेक्षा नेहमीच मोठे, म्हणून β नेहमी α पेक्षा मोठाच असला पाहिजे. तुमच्या मोजणीत तो लहान आला तर सूत्र ऋण उंची देईल. तेव्हा आकडेमोड तपासत बसू नका, कोन पुन्हा मोजा.

पाण्याखालचा दुसरा निरीक्षक

हे सूत्र बरोबर आहे, पण ते नेमके काय करते हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आकृतीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. ढगाला पाण्याखाली नेण्याऐवजी स्वतःला न्या. पाण्याच्या वर h उंचीवर तुम्ही आहात, तर पाण्याच्या खाली h खोलीवर तुमचे प्रतिबिंब आहे. तुम्हाला पाण्यातला ढग जितका खाली दिसतो, नेमका तितकाच वर तो तुमच्या त्या प्रतिबिंबाला थेट आकाशात दिसतो. म्हणजे β हा तुमच्या खाली 2h अंतरावर बसलेल्या दुसऱ्या निरीक्षकाने मोजलेला उन्नत कोनच आहे.

एकाच वस्तूकडे दोन ठिकाणांहून पाहायचे, दोन दिशांमधला फरक मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे, ही सर्वेक्षणाची जुनी रीत. जमिनीवर त्यासाठी दोन माणसे, दोन उपकरणे आणि मधल्या अंतराची पक्की मोजणी लागते. तळे तुम्हाला दुसरा निरीक्षक फुकट देते. तुमच्या दोघांतले अंतर 2h हा पाया, आणि ढगापाशी होणारा कोन β − α. तुम्ही, तुमचे प्रतिबिंब आणि ढग या तीन बिंदूंचा एक लांबट त्रिकोण होतो. सारी मोजणी त्याच्या टोकाच्या त्या निमुळत्या कोनावर उभी आहे.

ही गोष्ट मनात ठेवली की पुढचे सगळे आपोआप समजते. पाया मोठा असेल तर कोन मोठा आणि मोजणी सोपी. पाया लहान असेल तर कोन इतका बारीक होतो की तो हाती लागत नाही. पुस्तकातल्या उदाहरणात β − α चक्क ३० अंश आहे, कारण तिथला निरीक्षक ढगाच्या निम्म्या उंचीवर उभा आहे. १२० मीटरवरचा ढग म्हणजे जवळजवळ धुकेच. उन्हाळ्यातल्या दुपारी दिसणाऱ्या कापसाच्या ढिगासारख्या ढगांचे बूड बहुधा याच्या कितीतरी पट वर असते.

याच्या उलट टोक पाहा. तुम्ही तळ्याच्या काठावर उभे आहात, डोळे पाण्यापासून १.६ मीटर वर आहेत आणि ढग १००० मीटरवर आहे. उन्नत कोन २० अंश असेल तर अवनत कोन येतो सुमारे २०.०६ अंश. फरक साडेतीन कला, म्हणजे एका अंशाचा सतरावा भाग. म्हणूनच काठावरून पाहिलेले आकाश आणि पाण्यातले आकाश आपल्याला हुबेहूब एकसारखे भासते. ते तसे नसते, पण फरक दिसण्याइतके आपण उंच नसतो.

डेव्हिल्स लेकच्या कड्यावरून

तेव्हा उंचावर जायला हवे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांनी विस्कॉन्सिनमधले बाराबू गावाजवळचे डेव्हिल्स लेक पाहिले असेल. सुमारे ३६० एकरांचे तळे आणि त्याच्या बाजूंना क्वार्टझाइट खडकाचे उभे कडे. हे कडे पाण्यापासून सुमारे ५०० फूट, म्हणजे अंदाजे १५० मीटर वर उठतात. आपल्या कामाला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. २h म्हणजे पाया ३०० मीटरचा झाला.

समजा, एका शांत सकाळी तुम्ही कड्यावर उभे आहात. समोर एक ढग आहे. त्याच्या सपाट बुडाला एका जागी खाच आहे, तीच खूण धरू. तिचा उन्नत कोन २० अंश आणि पाण्यातल्या तिच्या प्रतिबिंबाचा अवनत कोन २६ अंश मोजला. tan २०° = ०.३६४० आणि tan २६° = ०.४८७७. बेरीज ०.८५१७, वजाबाकी ०.१२३८ (चार दशांश स्थळांपुढचे अंक धरून). भागाकार ६.८८. त्याला १५० ने गुणले की उंची आली सुमारे १०३२ मीटर. आडवे अंतर हवे असेल तर 2h ला त्याच वजाबाकीने भागा. ते आले सुमारे २४२४ मीटर.

ताळा करून पाहू. ढग तुमच्या पातळीपेक्षा ८८२ मीटर वर. ८८२ ला २४२४ ने भागले की ०.३६४, म्हणजे २० अंशांचा tan. प्रतिबिंब ११८२ मीटर खाली. त्याला २४२४ ने भागले की ०.४८८, म्हणजे २६ अंशांचा. हिशेब जुळला.

इथे आणखी एक प्रश्न नेहमी येतो: ढग जर अडीच किलोमीटर लांब असेल तर तळेही तेवढे लांब लागेल ना? नाही. ढगाकडून आलेला किरण पाण्याच्या ज्या ठिपक्यावर आपटून तुमच्या डोळ्याकडे येतो, तो ठिपका तुमच्यापासून h भागिले tan β इतक्याच आडव्या अंतरावर असतो. इथे तो सुमारे ३०८ मीटरवर आहे. ढग तळ्याच्या डोक्यावर असण्याची गरज नाही. तेवढ्या ठिपक्याजवळ पाणी असले की झाले.

मात्र समोरचा कडा आडवा येऊ शकतो. तो तुमच्याइतकाच उंच आणि एक किलोमीटरवर आहे असे धरा. थेट पाहताना त्याचा माथा तुमच्या डोळ्याच्या पातळीत, म्हणजे शून्य अंशावर दिसेल. पण पाण्यात त्याच माथ्याचे प्रतिबिंब ३०० भागिले १०००, म्हणजे जवळजवळ १७ अंश खाली जाईल. ज्या ढगाचा अवनत कोन १७ अंशांपेक्षा कमी असेल, तो आकाशात स्वच्छ दिसूनही पाण्यात कड्यामागे लपलेला असेल. आकाश आणि पाण्यातले चित्र एकसारखे नसते याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा. पुढच्या वेळी गेलात तर जरूर पाहा.

अर्ध्या अंशाची किंमत

आता खरी परीक्षा. घरी कोनमापक, पेयाची नळी, दोरा आणि टोकाला एक नट बांधून जे उपकरण बनते, ते फार तर अर्ध्या अंशापर्यंत खरे सांगते. वरच्या उदाहरणात फक्त β मध्ये अर्धा अंश चूक झाली तर उंची ९६१ पासून १११६ मीटरपर्यंत कुठेही येईल. हे तसे ठीक आहे.

पण नळी कोनमापकावर किंचित तिरकी चिकटवलेली असेल तर? शून्याचीच चूक अर्ध्या अंशाची असेल, तर वर पाहताना कोन अर्धा अंश कमी भरतो आणि खाली पाहताना अर्धा अंश जास्त. तुम्ही १९.५ आणि २६.५ लिहून घ्याल. बेरीज तीच राहते, ४६ अंश. पण वजाबाकी ६ ऐवजी ७ होते आणि उंची येते ८८५ मीटर. चूक उलट दिशेने असेल तर वजाबाकी ५ होते आणि उंची १२३८ मीटर. शून्याची चूक या रीतीत दुपटीने वसूल होते, कारण ती दोन्ही कोनांना विरुद्ध दिशांनी लागते.

ही चूक ओळखायची कशी? यासाठी चंद्र उपयोगी पडतो. चंद्र इतका दूर आहे की ३०० मीटरचा पाया त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून त्याचा उन्नत कोन आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचा अवनत कोन तंतोतंत समान असायला हवेत. संध्याकाळी शांत पाण्यावर दोन्ही मोजा. समजा २९.५ आणि ३०.५ आले. फरक एक अंशाचा, म्हणजे उपकरणाची चूक त्याच्या निम्मी, अर्धा अंश. यापुढे प्रत्येक उन्नत कोनात अर्धा अंश मिळवा आणि अवनत कोनातून वजा करा. दोन्ही मोजण्या पाठोपाठ करा; चंद्र मिनिटाला पाव अंशापर्यंत सरकतो. जमिनीवर सेक्स्टंट वापरणारे लोक पाऱ्याच्या थाळीत तारा पाहून हाच समान कोनांचा नियम वापरत. क्षितिज दिसत नसेल तर तारा आणि त्याचे प्रतिबिंब यांमधला कोन मोजायचा आणि त्याची निम्मी करायची. दूरच्या ताऱ्याला दोन्ही कोन सारखे, जवळच्या ढगाला वेगळे. आपली सगळी कमाई त्या वेगळेपणात आहे.

ढग थांबत नाही

याहून मोठा घात वारा करतो. वर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा असेल तर ढग एका मिनिटात ६०० मीटर जातो. तुम्ही आधी उन्नत कोन २० अंश मोजला, उपकरण खाली वळवले, खूण शोधली आणि मिनिटभराने अवनत कोन घेतला. तेवढ्यात आपला १०३२ मीटर उंचीचा ढग तुमच्यापासून ६०० मीटर लांब गेला, तर अवनत कोन २६ ऐवजी २१.३५ अंश भरेल आणि सूत्र उंची सांगेल चार किलोमीटरच्या वर! सूत्र बरोबर, दोन्ही कोन बरोबर, उत्तर चौपट. म्हणून दोन माणसांनी एकाच क्षणी मोजावे, नाहीतर ढग आणि प्रतिबिंब एकाच छायाचित्रात घ्यावे.

छायाचित्राची रीत मला स्वतःला जास्त आवडते, कारण तीत कोनच लागत नाहीत. फोन उभा धरा आणि त्याचा कॅमेरा अगदी आडव्या दिशेने रोखा, वर नाही, खाली नाही. मग छायाचित्राच्या बरोबर मधली आडवी रेषा ही तुमच्या डोळ्याची पातळी होते. छापील चित्रावर त्या रेषेपासून ढगाच्या खुणेपर्यंतचे उभे अंतर a आणि प्रतिबिंबापर्यंतचे b हे अनुक्रमे tan α आणि tan β यांच्याच प्रमाणात असतात. तेव्हा:

H = h × (b + a) / (b − a)

पट्टीने a = ३.६ सेंटिमीटर आणि b = ४.९ सेंटिमीटर भरले, तर १५० × ८.५ ÷ १.३, म्हणजे सुमारे ९८१ मीटर. b मोजताना एक मिलिमीटर चुकला आणि ४.८ लिहिले तर १०५०. म्हणजे एका मिलिमीटरला जवळपास ७० मीटर. यासाठी चित्र मोठे छापा. आणि फोन वर-खाली कलला असेल तर मधली रेषा डोळ्याची पातळी राहत नाही; ती शून्याची चूक पुन्हा दुपटीने आलीच.

पाणीही स्थिर हवे. पाण्याचा पृष्ठभाग एका अंशाने कलला की परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. आपण ज्या सहा अंशांवर सगळे बेतले आहे, त्यातले दोन एका बारीक लहरीने खाल्ले! लहरी असल्या की प्रतिबिंब उभे ताणलेले आणि तुटक दिसते. तसे दिसले तर मोजू नका, सकाळची वेळ गाठा. आणि पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा. या कोनात पाणी जेमतेम ८ टक्के प्रकाश परत पाठवते आणि त्यातला बहुतेक प्रकाश नेमका असे गॉगल अडवतात तोच असतो. प्रतिबिंब नाहीच म्हणून कुणी हताश झाला, तर आधी त्याच्या नाकावरचा चष्मा पाहा.

उत्तर पडताळायचे कसे

कापसाच्या ढिगासारखे, सपाट बुडाचे ढग असतील तर एक स्वतंत्र ताळा उपलब्ध आहे. जमिनीजवळची हवा वर चढताना थंड होते आणि दवबिंदूला पोहोचली की तिथे ढगाचे बूड तयार होते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंश सेल्सियसच्या फरकाला सुमारे १२५ मीटर धरायचे. हवामानाच्या नोंदीत तापमान २५ आणि दवबिंदू १७ असेल, तर फरक ८ आणि बूड सुमारे १००० मीटरवर. तुमच्या तळ्याने १०३२ सांगितले असेल तर दोघांचे जमले. तळ्याने १९०० सांगितले तर कुठेतरी खूण चुकली, वारा नडला किंवा नळी तिरकी आहे. पसरट थरांच्या किंवा खूप उंचावरच्या पिसांसारख्या ढगांना मात्र हा नियम लावू नका.

विमानतळावर हे काम आता यंत्र करते. ते लेसरचा एक झटका सरळ वर सोडते आणि ढगाच्या बुडावरून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. १००० मीटरवरच्या ढगासाठी ही ये-जा एका सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात होते. कोन नाही, तळे नाही, लहरींची भीती नाही. आपली रीत त्याच्याशी स्पर्धा करत नाही. तिच्याने साधारण दहा टक्क्यांच्या आत उंची मिळाली तर ती उत्तम मोजणी समजावी, आणि तेही h नकाशावरून नीट काढला असेल तरच. कारण h पाच टक्के चुकला की H ही पाच टक्के चुकतो.

तर घरातल्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारले, तर त्याला आधी सूत्र सांगू नका. कागदावर एक आडवी रेघ ओढा, ते पाणी. वर एक डोळा काढा, खाली तितक्याच अंतरावर दुसरा. दोघांकडून एकाच ढगाकडे रेषा ओढायला सांगा आणि विचारा, ढग दुप्पट उंच नेला तर टोकाच्या कोनाचे काय होईल? त्याने पेन्सिल उचलून रेषा पुन्हा काढल्या की पुढचे सूत्र तो स्वतःच मांडील.